सुटे काजू आणि सीलबंद डबे

समजा तुमच्या बॅगेत १० किलोच माल जातो, त्याच्या वर गेलं की पट्टा तुटणार हे नक्की. दुकानात तीन प्रकारचा माल आहे: काजू ६ किलो, त्यावर एकूण नफा १२०० रुपये, बदाम ५ किलो, नफा ९००, अंजीर ५ किलो, नफा ८५०. बॅग एकच, फेरी एकच, तर काय काय भरायचं?

माल सुटा असेल तर डोकं लावायची गरजच नाही. किलोमागे नफा काढा: काजू २००, बदाम १८०, अंजीर १७०. ज्याचा दर जास्त तो आधी भरायचा, तो संपला की पुढचा, आणि बॅग भरत आली की शेवटचा माल लागेल तेवढाच मोजून घ्यायचा. म्हणजे काजू सगळे ६ किलो, मग बदाम ४ किलो, नफा १२०० अधिक ७२०, झाले १९२०. अंजिराला हातही लावायचा नाही.

पण यापेक्षा भारी काही निघणारच नाही कशावरून? कोणीतरी वेगळी बॅग भरून आणली असं धरा. त्याच्या बॅगेत थोडे अंजीर आहेत आणि दुकानात अजून काजू उरलेत. तर त्याच्या बॅगेतून मूठभर अंजीर काढा आणि तेवढ्याच वजनाचे काजू टाका, वजन तेच राहिलं आणि नफा वाढला. असं करत राहा, शेवटी त्याची बॅग आपल्यासारखीच होते, आणि वाटेत नफा एकदाही कमी झाला नाही. बस, एवढाच पुरावा. गणितज्ञ जॉर्ज डँटझिगने १९५७ मध्ये हा दराप्रमाणे लावायचा नियम मांडला होता, लिनिअर प्रोग्रॅमिंगवाला तोच डँटझिग.

आता हाच माल सीलबंद डब्यात आहे असं समजा, फोडायचा नाही, घ्यायचा तर अख्खा डबा. तोच नियम लावला तर पहिला काजूचा डबा, ६ किलो. उरले ४ किलो, त्यात ना बदामाचा ५ किलोचा डबा बसतो ना अंजिराचा. नफा १२०० वर अडकला. आणि बाजूचा माणूस, ज्याने सगळ्यात चांगला दर असलेल्या काजूंकडे बघितलंसुद्धा नाही, तो बदाम आणि अंजीर मिळून बरोबर १० किलो आणि १७५० रुपये घेऊन निघून गेला!

इथे बिघडलं काय? पुराव्यातली ती मूठ. डबा फोडता येत नाही म्हटल्यावर मूठभर अदलाबदल होत नाही, त्यामुळे पुरावाच उभा राहत नाही. सुट्या मालात बॅग नेहमी काठोकाठ भरते, म्हणून फक्त दर बघितला तरी चालतं. डब्यांच्या बाबतीत मात्र रिकामी राहिलेली जागा पण आपल्याच खात्यात पडते, तिचा दर शून्य. काजूचे २०० हे ६ किलोवर मोजलेले आहेत, पूर्ण १० किलोवर पसरले तर किलोमागे १२० च पडतात. बदाम-अंजिराचे पडतात १७५.

नुकसान किती होऊ शकतं? वाट्टेल तेवढं. १ किलोचं एक पाकीट, नफा २५०, आणि १० किलोचं एक पोतं, नफा २४००. पाकिटाचा दर २५०, पोत्याचा २४०, म्हणून नियम पाकीट उचलतो आणि मग पोतं बसतच नाही. पोतं अजून मोठं असतं, आणि बॅगही, तर फरक अजून वाढला असता.

यावर एक छोटा इलाज आहे. जे डबे एकटेही बॅगेत मावत नाहीत ते आधीच बाजूला काढा, बाकीचे दराप्रमाणे भरत जा, पहिला न बसणारा डबा आला की थांबा, मग ती बॅग आणि बॅगेत एकटा बसणारा सगळ्यात जास्त नफ्याचा डबा, या दोघांपैकी जे भारी ते घ्या. निदान सर्वोत्तमच्या अर्धा नफा पक्का मिळतो. कारण भरलेले डबे आणि तो न बसलेला डबा मिळून सुट्या मालाच्या नफ्यापेक्षा कमी होत नाहीत, आणि डबे कसेही भरले तरी सुट्या मालाच्या वर कोणी जाऊच शकत नाही, मग दोघांपैकी एकजण तरी अर्ध्याच्या वर असणारच.

आणि ते १९२० फुकट गेलं असं समजू नका. सीलबंद डब्यांची ती कमाल मर्यादा आहे. तुमचं उत्तर १९०० आलं तर जास्तीत जास्त २० रुपये सुटले असतील, आणि बरोबर १९२० आलं तर शोधणं तिथेच बंद करा. १२०० आणि १९२० मधली दरी बघूनच शंका यायला हवी होती.

अचूक उत्तर हवं असेल तर तक्ता मांडायचा: ० ते १० किलोच्या बॅगांचे ११ खण, आणि एकेक डबा घेऊन प्रत्येक खणात विचारायचं, हा घेतला तर जास्त की नको घेतला तर जास्त. तीन डब्यांसाठी ३३ खण, वहीत होतं. फक्त वजनं ग्रॅममध्ये असतील तर त्याच बॅगेला दर डब्यामागे १०,००१ खण लागतात, आणि म्हणूनच तक्त्याचा हा मार्ग असूनही नॅपसॅक, म्हणजे बॅग भरायचा हाच प्रश्न, १९७२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्पच्या २१ अवघड प्रॉब्लेम्सच्या यादीत होता.