ओळखीचा शोध : नाव न ठरवता जगणे

आपल्याला कोणाबद्दल ओढ वाटते, किंवा आपण स्वतःला बाई मानतो, पुरुष मानतो की या दोन्हींत बसत नाही, हे माणूस स्वतःशी तपासत असतो तो काळ म्हणजे ओळखीचा शोध. शहरातल्या गटांत याला ‘क्वेश्चनिंग’ म्हणतात. हा काळ काही महिन्यांचा असतो, तसा दहा-वीस वर्षांचाही असतो. काही जण आयुष्यभर कोणतेच नाव घेत नाहीत. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली, आणि अजून ठरले नाही ही अवस्थाही आजच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून नाही.

ग्रामीण विदर्भात या शोधाला मुदत घालते ते लग्न. सोयाबीन घरात आले, तुळशीचे लग्न झाले की स्थळे यायला लागतात, बायोडाटा व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि पसंती झाली की बोलणी लवकरच साक्षगंधापर्यंत जातात. घरात ‘तू कोण आहेस’ असे कोणी विचारत नाही, ‘लगन काहून नाही करत’ असे विचारतात. त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकतात. स्वतःला नाव काय द्यायचे, हा प्रश्न कितीही वर्षे उघडा राहू शकतो. लग्न करायचे की नाही, याचे उत्तर मात्र या हंगामात द्यावे लागते, कारण त्यात दुसऱ्या एका माणसाचे आयुष्य गुंतलेले असते. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मा ताण कमी होतो.

समुपदेशनात यासाठी ओढ, वागणे आणि नाव असे तीन थर वेगळे पाहतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावची चोवीस वर्षांची मुलगी समजू. बी.ए.च्या पहिल्या वर्षी तिला वर्गातला एक मुलगा मनापासून आवडला होता. पुढे अमरावतीच्या होस्टेलवर खोलीतल्या मैत्रिणीवर जीव जडला. ती सुटीत गावी गेली की हिला जेवण जात नसे. आता ती घरी आहे, भरतीचा अभ्यास करते, आणि गेले वर्षभर तिला कोणाबद्दलच काही वाटलेले नाही. म्हणजे ओढ तीन काळांत तीन तऱ्हांची. वागण्यात, तिने कोणाला काही सांगितलेले नाही. नाव घ्यायचे तर ‘समलैंगिक’ म्हटले की पहिला मुलगा खोटा ठरतो, आणि ‘आपण सगळ्यांसारख्याच’ म्हटले की मैत्रीण खोटी ठरते. ‘उभयलैंगिक’ हे नाव जवळचे वाटते, पण ते घेतल्याने आज तिचे काही अडलेले सुटत नाही. तिन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि त्या खऱ्या राहण्यासाठी नावाची गरज नाही.

मामी स्थळ घेऊन येते तेव्हा संवाद साधारण असा होतो. “पोरगा चांगला आहे, शेती आहे, काहून नाही म्हनतं वं?” “मामी, माह्या मनात अजून लगनाचं नाही. भरती होऊ दे, मंग बोलू.” हे उत्तर खरे आहे आणि तेवढ्यावर थांबते. घरच्यांना समजेल असे कारण, हातात येऊ शकणारी स्वतःची मिळकत, आणि विचाराला मोकळी जागा, असे तिन्ही त्यात आहे. मनातली सगळी घालमेल वहीत लिहायचा सल्ला पुस्तकांत सर्रास असतो. पण जिथे वही धाकटी बहीण उघडते आणि फोन भाऊ मागतो, तिथे विश्वासाच्या एका माणसाशी बोलणे जास्त सुरक्षित.

नाव बदलणे किंवा न घेणे किती सर्वसाधारण आहे, याचा सर्वांत नीट पुरावा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांच्या अभ्यासातून मिळतो. स्वतःला सरळ भिन्नलैंगिक न मानणाऱ्या ७९ तरुणींशी त्या दहा वर्षे ठरावीक अंतराने बोलत राहिल्या. निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्या काळात सुमारे दोन-तृतीयांश जणींनी सुरुवातीला घेतलेले नाव निदान एकदा बदलले, आणि ‘कोणतेही नाव नको’ हाही पर्याय अनेकींनी घेतला. हा नमुना अमेरिकन स्त्रियांचा आहे. आपल्याकडच्या पुरुषांना तो जसाच्या तसा लावू नये.

या निष्कर्षाचा एक उलटा अर्थ गावात हमखास काढला जातो: “बदलतेच ना, मग लग्न झाले की बदलेल.” तो चुकीचा आहे. ओढ कधी कधी आपसूक सरकते. ती ठरवून, धाकाने किंवा नवसाने सरकवता येत नाही. डायमंड यांनीही हा फरक स्पष्ट केला आहे. स्वतःची परीक्षा पाहण्यासाठी केलेले लग्न ही या साऱ्या काळातली सर्वांत महाग चूक आहे, आणि तिची किंमत बहुतेकदा दुसऱ्या घरून आलेली मुलगी मोजते.

नावावाचून काम चालते याचे जवळचे उदाहरण सरकारी दवाखान्यातच आहे. एचआयव्हीच्या कामात ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ ही संज्ञा आली, कारण असे अनेक पुरुष स्वतःला काहीच म्हणवत नव्हते; कित्येक जण बायकामुलांचे होते. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, धोका ठरतो तो वागण्यावरून: संबंध कोणाशी आले, निरोध वापरला का. ‘तू कोण’ याचे उत्तर त्यासाठी लागत नाही. तपासणी मोफत असते, आणि माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. नाव वर्षानुवर्षे थांबू शकते, तपासणी थांबवू नये.

शोध आणि मंत्रचळासारखी चिंता यांत फरक करता आला पाहिजे. शोधात माणूस कपाशी वेचताना, परीक्षेत, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न विसरू शकतो. काही जणांना मात्र उत्तर आत्ताच हवे असते. ते दिवसातून कितीतरी वेळा स्वतःला तपासतात, फोटो पाहून शरीराची प्रतिक्रिया बघतात, मोबाइलवर चाचण्या सोडवतात; घडीभर बरे वाटते आणि पुन्हा तेच. यात तास जाऊ लागले, झोप-जेवण बिघडले, तर प्रश्न बहुधा ओळखीचा नसून ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाच्या आजाराचा असतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. असे उपचार ओढ बदलत नाहीत, तपासण्याची सक्ती कमी करतात. त्यासाठी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेत १४४१६ वर फोन करता येतो. फोन केल्यावर ‘मी अमुक आहे’ असे सांगायची गरज नसते.

ओढ ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरपासून दूर राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असा उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला आहे, म्हणून त्याची तक्रार राज्य वैद्यकीय परिषदेकडे करता येते. मांत्रिक किंवा बाबाकडे नेऊन मारहाण, चटके असा अघोरी प्रकार झाला तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची असते. या दोन्ही तक्रारींत तक्रारदाराने स्वतःची लैंगिक ओळख सांगावी, अशी अट नाही.