पाकिटावरचं बारीक अक्षर: भेंडीची पेरणी फोटोतून वाचताना

बियाण्याच्या पाकिटावर पेरणीची माहिती मागच्या बाजूला असते आणि बहुतेक वेळा जेमतेम मिलिमीटरभर उंचीच्या अक्षरांत. म्हणून मोबाइलवर फोटो काढून, बोटांनी मोठा करून वाचणं हीच सोयीची रीत. चूक होते ती फोटोत हरवलेल्या एखाद्या टिंबामुळे किंवा रेघेमुळे. ती लक्षात येते दहा दिवसांनी, कुंडीत काहीच उगवत नाही तेव्हा. इथे भेंडीचं पाकीट घेऊन ते कसं वाचायचं ते सांगितलं आहे. इतर भाज्यांनाही हीच पद्धत लागू पडते.

आधी फोटो

पाकीट हलवून बिया एका टोकाला सारा आणि मागची बाजू टेबलावर सपाट करा. बियांच्या फुगवट्यावरची अक्षरं वाकडी येतात आणि कडेच्या ओळी धूसर होतात. फ्लॅश बंद ठेवा. चंदेरी किंवा चकचकीत पाकीट आरशासारखं वागतं, त्यामुळे फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यावर पडतो. खिडकीचा उजेड बाजूने येईल असं बसा. तरीही चमक राहिली, तर पाकिटासमोर गडद रंगाचा कपडा किंवा फाइल धरा, म्हणजे पाकिटात उजळ भिंतीऐवजी तीच दिसेल.

मोबाइल अगदी जवळ नेऊ नका. बऱ्याच फोनचा कॅमेरा आठ-दहा सेंटिमीटरच्या आत फोकस धरत नाही. पंधरा-वीस सेंटिमीटरवर धरून दुप्पट झूम करा, अक्षरांवर बोट टेकवून फोकस बसू द्या आणि मग फोटो घ्या. एक फोटो पूर्ण पाकिटाचा हवा, आणि दोन फक्त तक्त्याचे, एकाची कड दुसऱ्यात येईल असे. आम्हाला विचारायला फोटो पाठवत असाल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि बारीक टिंबं पुसली जातात.

खोली: सगळ्यात जास्त घोळ इथेच

समजा पाकिटावर 'खोली १-२ सेमी' छापलंय. मधली रेघ फोटोत पुसट झाली की ते १२ सेमी दिसतं. '०.५' मधलं टिंब गेलं की ५ सेमी. मराठी छपाईत १ आणि ९, इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात. इंचाच्या दोन रेघा आणि फुटाची एक रेघ यांतही फरक पडतो. त्यामुळे आकडा वाचला की लगेच विश्वास ठेवू नका, बी हातात घेऊन ताडून पाहा.

सर्वसाधारण नियम असा की बी त्याच्या जाडीच्या दुप्पट ते चौपट खोलीवर जातं. भेंडीचं बी साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे खोली सुमारे १ ते २ सेंटिमीटर. १२ हे उत्तर असूच शकत नाही. काही पाकिटांवर २ ते ३ सेमी लिहिलेलं आढळतं. तेही चालतं, पण ते शेतातल्या मातीसाठी असतं, जिथे वरचा थर लवकर सुकतो. कोकोपीट मिसळलेल्या कुंडीत ओल टिकते, तिथे दीड सेंटिमीटर पुरे. पेन्सिलीवर दीड सेंटिमीटरची खूण करून तेवढाच खड्डा पाडला की अंदाजाचं काम राहत नाही.

बी खोल गेल्यावर काय होतं, तेही समजून घ्या. बियात साठवलेला अन्नसाठा मर्यादित असतो, आणि तो कोंब वर येईपर्यंत पुरावा लागतो. उबदार दिवसांत भेंडी चार ते सात दिवसांत वर दिसते. दहा दिवस झाले आणि काहीच नाही, तर एक बी हळूच उकरा. कोंब फुटून मातीतच वळलेला असेल, तर बी खोल पडलं. बी मऊ, दाबल्यावर फुटणारं आणि वास येणारं असेल, तर पाणी जास्त झालं. बी कडक, जसं पेरलं तसंच असेल, तर ओल पोहोचली नाही. तीन कारणांना तीन वेगळे उपाय आहेत, म्हणून नुसतं 'बियाणं खराब' म्हणून नवं पाकीट घेण्याआधी हे पाहाच.

बियांवर गुलाबी किंवा निळसर लेप असेल तर ते औषध लावलेलं बियाणं आहे. ते भिजत घालू नका, औषध धुऊन जातं. हात धुवा आणि उरलेलं बियाणं खाण्यात येणार नाही असं ठेवा. लेप नसलेली भेंडी रात्रभर भिजवून पेरली तर उगवण सोपी होते.

अंतर

'६० × ३० सेमी' असं दिसलं, तर पहिला आकडा दोन ओळींमधला आणि दुसरा एका ओळीतल्या दोन झाडांमधला. इंग्रजीत याच जागी 'आर-आर' आणि 'पी-पी' ही अक्षरं येतात. ओळींमधलं मोठं अंतर शेतात निंदणी, फवारणी आणि तोडणीसाठी चालायला जागा हवी म्हणून असतं. गॅलरीत ते लागत नाही, तिथे दुसरा आकडा महत्त्वाचा. म्हणजे १२ इंची, सुमारे ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत एकच झाड. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या आयताकृती कुंडीत दोन.

प्रत्येक खड्ड्यात किती बिया घालायच्या, हे पाकिटावरची उगवण टक्केवारी सांगते. तिथे ६५ असेल, तर एकेक बी टाकल्यास १०० पैकी ३५ खड्डे रिकामे राहतील. दोन बिया टाकल्यास सुमारे १२, तीन टाकल्यास चार. तीन घाला आणि रोपं बोटभर झाली की सशक्त एक ठेवून बाकीची मुळाजवळ कात्रीने कापा. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळं हलतात.

हंगाम

इथे 'आर' पुन्हा भेटतो, पण आता अर्थ वेगळा. हंगामाच्या रकान्यात के म्हणजे खरीप, आर म्हणजे रब्बी, एस म्हणजे उन्हाळी. भेंडीच्या पाकिटावर खरिपासाठी जून-जुलै आणि उन्हाळीसाठी जानेवारी-फेब्रुवारी असं बहुधा असतं. बारा अक्षरांची पट्टी असेल तर अक्षर वाचू नका, डावीकडून मोजा: जे तीन वेळा येतो, एम दोनदा आणि ए दोनदा. रंगवलेला सातवा चौकोन म्हणजे जुलै, मग अक्षर पुसट असलं तरी चालेल. पट्ट्या दोन असल्या तर एक पेरणीची आणि दुसरी तोडणीची असते, म्हणून रंगांचा अर्थ सांगणारी ओळही फोटोत घ्या.

मुंबईत जुलैचा पाऊस हा खरा अडथळा. उघड्या ग्रिलवरच्या कुंडीत पहिल्याच मुसळधार सरीत दीड सेंटिमीटरवरचं बी उघडं पडतं किंवा तुंबलेल्या पाण्यात कुजतं. पाऊस चांगला लागला की कुंडी छज्जाखाली घ्या, तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बघा, आणि रोपाला तीन-चार खरी पानं आल्यावर बाहेर काढा. परदेशी पाकिटावर 'शेवटच्या हिमानंतर पेरा' लिहिलेलं असेल, तर महिने आपल्यासाठी नाहीत. गाजर, लेट्यूससारख्या थंडीच्या भाज्यांसाठी मुंबईत ऑक्टोबर ते डिसेंबर धरा.

पाकीट फाडण्याआधीच फोटो काढा. चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि लॉट नंबर अनेकदा वरच्या शिवणीवर ठशाने उमटवलेले असतात आणि कात्री नेमकी तिथूनच जाते. तो फोटो पहिली भेंडी तोडेपर्यंत, म्हणजे साधारण ४५ ते ६० दिवस, ठेवा. उगवण कमी आली तर आम्ही आधी तोच लॉट नंबर आणि मुदत विचारतो.