काळ्या आकृतीचा अर्थ : मुलांच्या चित्रचाचण्या आणि शाईच्या डागांची मर्यादा

साडेआठ वर्षांच्या एका मुलाचा मानसशास्त्रीय मूल्यमापन अहवाल त्याची आई माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा पोळा होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मुलगा तिसरीत होता. तो वर्गात लिहीत नाही, वाचायला उभे केले की शेजारच्याला ढकलतो, अशी शाळेची तक्रार होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अहवालाचा बहुतेक भाग एका चित्रावर उभा होता. मुलाला कोरा कागद आणि पेन्सिल देऊन ‘एक माणूस काढ’ असे सांगितले होते आणि त्याने जवळजवळ पूर्ण पान व्यापणारी, काळ्याशार शरीराची, मोठ्या हातांची आणि दात दिसणारी आकृती काढली होती. त्यावरून ‘दडपलेला आक्रमकपणा, तीव्र चिंता, घरातील व्यक्तीविषयी भीती’ असा निष्कर्ष काढला होता, आणि त्याच चित्राच्या गुणांवरून बुद्ध्यांक 76 असा लिहिला होता. ‘घरातील व्यक्ती’ म्हणजे कोण, हे वडिलांना न विचारताच कळले होते आणि ते दोन रात्री झोपले नव्हते.

मी मुलासमोर चित्र ठेवून एवढेच विचारले, ‘‘हे कोण आहे, सांगशील?’’ तो म्हणाला, ‘‘काळी मारबत आहे न. तान्ह्या पोळ्याले आम्ही पाहून आलो. तिले मग जाळतात.’’ नागपूरकराला यापुढे काही सांगायला नको. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत मिरवणुकीने निघणारी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, या शहरातल्या मुलांनी गर्दीतून मान उंच करून पाहिलेली असते. चित्र काढायच्या आठवड्यात डोक्यात तीच होती, म्हणून कागदावर तीच आली.

हा मुलगा चाचणीत नापास झाला नव्हता. त्याच्या चित्राला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर देण्याची ताकद मुळात त्या चित्रात नव्हती. ती का नव्हती हे नीट पाहण्यासारखे आहे.

माणसाच्या चित्रावरून मुलाचे मोजमाप करण्याच्या दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि अहवालांत त्यांची सरमिसळ होते. पहिली विकासाची. फ्लोरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये मांडलेल्या पद्धतीत चित्र सुंदर आहे की नाही हे पाहत नाहीत, तर डोके आहे का, मान आहे का, हात खांद्यातून निघतात का, बोटे पाच आहेत का, असे 51 मुद्दे मोजतात. तीन वर्षे हा पाया धरून प्रत्येक मुद्द्यामागे तीन महिने मिळवले की ‘मानसिक वय’ निघते. भारतीय मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी या चाचणीची आवृत्ती तयार केली. दुसरी परंपरा भावनांची. कॅरेन मॅकोव्हर यांनी 1949 मध्ये चित्राला व्यक्तिमत्त्वाचा आरसा मानले, आणि एलिझाबेथ कॉपिट्झ यांनी 1968 मध्ये दात, गडद छायांकन, फार मोठी किंवा फार छोटी आकृती, अवयव गाळणे अशा तीस ‘भावनिक निर्देशकांची’ यादी दिली.

आता या मुलाची आकडेमोड पाहू. मारबतीच्या चित्रात कपडे, बोटे, मान असे काहीच नव्हते, त्यामुळे 14 मुद्दे मिळाले. चौदा त्रिक बेचाळीस महिने, म्हणजे साडेतीन वर्षे, त्यात पायाची तीन मिळवून मानसिक वय साडेसहा. साडेसहाला साडेआठने भागून शंभरने गुणले की 76 येतात. गणित बिनचूक आहे. पण तीन आठवड्यांनी मी त्याला ‘आता ओळखीचा एक खरा माणूस काढ, जितका पूर्ण येईल तितका’ असे सांगितले, तेव्हा त्याने ई-रिक्षा चालवणारा मामा काढला. त्यात शर्टाची बटणे, खिसा, बोटे आणि मानही होती. या वेळी 20 मुद्दे मिळाले, म्हणजे मानसिक वय आठ वर्षे आणि बुद्ध्यांक सुमारे 94. तीन आठवड्यांत मुलाची बुद्धी अठरा गुणांनी वाढली नव्हती, फक्त चित्राचा विषय बदलला होता. दोन परीक्षकांना एकाच चित्रावर सारखे गुण देता येतात, ही या चाचणीची जमेची बाजू खरी. पण सारखे गुण देता येणे वेगळे आणि त्या गुणांनी बुद्धी मोजली जाणे वेगळे. इंग्लंड-वेल्समधील सात हजारांहून अधिक जुळ्या जोड्यांच्या अभ्यासात चौथ्या वर्षी काढलेल्या चित्राचा त्याच वेळच्या बुद्धिचाचणीशी सहसंबंध 0.33 इतका आला, आणि चौदाव्या वर्षीच्या बुद्धीशी 0.20. पहिल्या आकड्याचा वर्ग केला तर कळते की मुलामुलांतील बुद्धीच्या फरकापैकी जेमतेम अकरा टक्के भागाशी चित्राचा संबंध लागतो. हजारो मुलांच्या गटाचा कल दाखवायला हा संबंध पुरतो, पण एका मुलाच्या कागदावर 76 लिहायला अजिबात नाही.

भावनिक निर्देशकांचे प्रकरण याहून नाजूक आहे. स्वतः कॉपिट्झ यांनी एकच खूण पाहून काही म्हणू नये असे बजावले होते, आणि प्रत्येक खुणेला वयाची अट घातली होती. मान न काढणे ही खूण मुलींत नवव्या आणि मुलग्यांत दहाव्या वर्षापासूनच धरायची, कारण त्याआधी ते साधे वयाचे लक्षण असते. शरीर काळे करणे ही खूण मुलग्यांत नवव्या वर्षापासून धरायची. आपला मुलगा साडेआठचा होता, त्यामुळे अहवालातली सर्वांत भीतिदायक खूण त्या यादीच्या स्वतःच्या नियमाने मोजताच येत नव्हती.

पण समजा मोजता आली असती, तरी काय? यासाठी एक साधा हिशेब करू, ज्यातले आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. एका शाळेत शंभर मुले आहेत आणि त्यांतील दहा मुलांना खरोखर गंभीर भावनिक त्रास आहे. त्रास असलेल्या मुलांपैकी चाळीस टक्के आणि नसलेल्यांपैकी वीस टक्के मुले काळी, दात असलेली आकृती काढतात असे धरू. म्हणजे खूण आणि त्रास यांचा संबंध चांगला दुपटीचा आहे, जो प्रत्यक्षात क्वचितच इतका स्वच्छ असतो. आता दहांपैकी चार आणि नव्वदांपैकी अठरा अशी बावीस चित्रे आपल्या टेबलावर येतील. त्यांतील चारच मुले खरी त्रासातली, आणि अठरा जणांवर उगाच शिक्का बसेल. शिवाय त्रासातली सहा मुले नेमकी हसरी चित्रे काढून आपल्या हातून सुटून जातील. मला या सहांची काळजी जास्त वाटते, कारण ‘चित्र छान आहे, काही नाही’ असे म्हणून त्यांना परत पाठवले जाते.

मग अनुभवी माणसालाही या खुणा खऱ्या का वाटतात? लॉरेन आणि जीन चॅपमन यांनी 1967 मध्ये याचे उत्तर शोधले. त्यांनी विद्यार्थ्यांना माणसांची चित्रे दाखवली आणि प्रत्येकाखाली ते काढणाऱ्याविषयी ‘हा माणूस संशयी आहे’ अशा तऱ्हेची वाक्ये लिहिली. चित्र आणि वाक्ये यांच्या जोड्या मुद्दाम यदृच्छेने लावल्या होत्या, त्यात कोणताच संबंध नव्हता. तरी विद्यार्थ्यांना मोठे डोळे आणि संशय यांचा संबंध ‘दिसला’, आणि तो नेमका तोच होता जो व्यवसायातले तज्ज्ञ आपल्या अनुभवातून सांगत असत. संबंध उलटा मांडला तरी तो समज पुरता गेला नाही. डोळे आणि संशय भाषेतच एकमेकांजवळ असतात, आपण ते जवळपण चित्रात वाचतो, आणि जुळलेली उदाहरणे लक्षात राहतात, न जुळलेली विसरतात. हा अप्रामाणिकपणा नव्हे. म्हणूनच ‘माझा वीस वर्षांचा अनुभव आहे’ हे या बाबतीत पुरेसे उत्तर होत नाही.

हर्मान रोर्शाख यांच्या 1921 च्या शाईच्या दहा डागांविषयी थोडक्यात सांगतो. या चाचणीत दहा पत्रिकांवरचे डाग एकेक दाखवून ‘हे काय दिसते’ असे विचारतात. तिथे किमान गुणांकनाची शिस्त कडक आहे, आणि 2013 मध्ये प्रकाशित झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात विस्कळीत विचार व वास्तवाचे चुकीचे आकलन ओळखणाऱ्या निर्देशकांना चांगला आधार मिळाला. चिंता, स्वाभिमान, घरातील नाती यांविषयीच्या अनेक निर्देशकांना तसा मिळाला नाही. मुलांबाबत अडचण तुलनेच्या मानकांची आहे. 2000 साली प्रकाशित झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील सहा ते बारा वर्षांची शंभर निरोगी मुले तपासली, तेव्हा प्रचलित मानकांनुसार त्यांतील अनेक मुले आकलनाने विकृत आणि मनाने आजारी ठरत होती. निरनिराळ्या देशांतील मुलांची आकडेवारीही एकमेकांशी जुळत नाही. अशा स्थितीत नागपूरच्या आठ वर्षांच्या मुलाचे उत्तर कोणाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न मोकळाच राहतो. लाजाळू मूल दहा पत्रिकांवर दहा-बारा त्रोटक उत्तरे देते, आणि त्यावर टक्केवारी काढली की एका उत्तराने सगळे चित्र पालटते.

तरीही मी कागद-पेन्सिल टेबलावरून काढून टाकलेली नाही. बोलायला बुजणारे मूल चित्र काढताना सैल होते, आणि काढून झाल्यावर ‘हे कोण, काय करतंय, पुढे काय होतं’ असे खुले प्रश्न विचारले की चित्रापेक्षा त्याचे बोलणे कामाचे ठरते. पेन्सिल कशी धरली, रेषा हलते का, किती वेळा खोडले, सूचना लक्षात राहिली का, हेही पाहतो. नुकताच कोणता सण, सिनेमा, मृत्यू किंवा आजारपण होऊन गेले ते आईवडिलांकडून आधी विचारून घेतो. चित्रातून काही शंका आलीच, तर ती तारखेसह टिपणात लिहितो, आणि सोबत ती खोटी ठरायची असेल तर काय दिसायला हवे तेही लिहितो, म्हणजे नंतर सोयीने अर्थ फिरवता येत नाही. मुलाने तोंडाने काही इजा किंवा अत्याचार सांगितला, तर ते त्याच्याच शब्दांत नोंदवून कायद्याने ठरलेल्या मार्गाने पुढे न्यावेच लागते. निव्वळ आकृतीवरून मात्र तसा आरोप कोणावरही करता येत नाही आणि तशी शंका नाहीशीही करता येत नाही.

या मुलाच्या बाबतीत शंका ‘रागीट आहे का’ ही होती. मी शिक्षिकेला दोन आठवडे एवढेच टिपायला सांगितले की ढकलाढकली केव्हा होते आणि त्याच्या लगेच आधी काय घडलेले असते. नऊपैकी आठ वेळा मोठ्याने वाचायला उभे केले होते. नागपुरात काम केलेल्या डॉ. आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतलेली बुद्धिचाचणी घेतली, तिच्यात तो सर्वसाधारण श्रेणीत बसला. डोळे आणि कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. वाचनात मात्र तो जोडाक्षर आले की थांबत होता, ‘प्रकाश’चे ‘परकाश’ करत होता आणि पहिलीच्या धड्यातही ओळ हरवत होता. त्याचे वाचनाचे सविस्तर मूल्यमापन आणि रोज वीस मिनिटांचा सराव सुरू झाला, आणि वर्गात एकट्याला उभे करून वाचून घेणे शिक्षिकेने तूर्त थांबवले.

नव्या अहवालात चित्राविषयी चार ओळी आहेत : ‘पहिल्या चित्रात मुलाने काळी मारबत काढली व तसे स्वतः सांगितले. दुसऱ्या चित्रात तपशील वयानुरूप आहेत. चित्रांवरून बुद्धी किंवा भावनिक स्थितीविषयी निष्कर्ष काढलेला नाही. घरातील कोणाविषयी भीती असल्याचे मुलाने स्वतंत्र मुलाखतीत सांगितलेले नाही.’ वडिलांनी त्यातली शेवटची ओळ दोनदा वाचली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.