मजकुराने भरलेली स्लाइड आम्ही कशी सोडवतो

तुमचं प्रेझेंटेशन हाती आलं की आम्ही आधी त्यातला मजकूर वाचतो, रंग आणि फॉन्टकडे नंतर वळतो. एक नमुना घेऊन हे काम कसं चालतं ते सांगतो.

समजा, स्लाइडचं शीर्षक आहे ‘ग्राहक सेवा : सहामाही आढावा’ आणि खाली आठ मुद्दे. तक्रारी किती वाढल्या, कशाच्या आहेत, उत्तर द्यायला किती वेळ लागतो, नवीन माणसं कधी आली, पुढे काय करायचं, सगळं एकत्र. ही स्लाइड पडद्यावर आली की समोरचे वाचायला लागतात आणि बोलणाऱ्याकडे लक्ष राहत नाही. वाचणं आणि ऐकणं दोन्ही शब्दांचीच कामं, ती एकाच वेळी नीट होत नाहीत.

आठ मुद्द्यांच्या आठ स्लाइड करणं हा यावरचा उपाय नव्हे. त्याने फक्त तुकडे पडतात. आम्ही तुम्हाला विचारतो, ‘हे पाहून बैठकीत कोणता निर्णय व्हायला हवा?’ इथे उत्तर येतं : संध्याकाळी मालाची आणखी एक गाडी सुटायला हवी. मग त्या निर्णयाला आधार देणारेच मुद्दे उरतात आणि प्रत्येकाचं शीर्षक पूर्ण वाक्य होतं.

पहिली स्लाइड : ‘महिन्याच्या तक्रारी १२० वरून २१० वर गेल्या.’ खाली जानेवारी ते जूनचा रेषालेख, दोन्ही टोकांना आकडे.

दुसरी : ‘वाढलेल्या ९० पैकी ७० तक्रारी माल उशिरा पोहोचल्याच्या.’ इथे जानेवारी आणि जूनचे दोन स्तंभ. उशिराच्या तक्रारी ४० वरून ११० झालेल्या, तो भाग ठळक रंगात. बाकीच्या ८० वरून १००, त्या राखाडी. रंगांची वेगळी सूची न देता नाव थेट स्तंभाशेजारी लिहितो, म्हणजे नजर इकडेतिकडे फिरत नाही.

तिसरी : ‘दुपारनंतरच्या ऑर्डरचा माल दुसऱ्या दिवशी निघतो.’ ऑर्डर कधी आली आणि गाडी कधी सुटली, हे दाखवणारी साधी वेळरेषा.

चौथीवर गाडीचा प्रस्ताव, त्याच वेळरेषेवर नवी गाडी दाखवून.

नवीन माणसांचा मुद्दा या निर्णयाशी जोडलेला नाही, म्हणून तो स्लाइडखालच्या ‘नोट्स’मध्ये जातो. तुमचा एकही शब्द आम्ही पुसत नाही. हस्तांदोलनाचे किंवा दिव्याचे तयार फोटोही टाळतो. चित्र काढून टाकल्यावर म्हणण्याचा पुरावा कमी होत नसेल, तर ते चित्र नुसती सजावट आहे.

काम हाती आल्यावर तुम्ही फक्त शीर्षकं ओळीने वाचा. गोष्ट सलग लागली नाही, तर क्रम चुकला आहे. शीर्षकात ‘आणि’ आला, तर तिथे बहुधा दोन स्लाइड दडल्या आहेत.

एक मर्यादा मात्र आहे. फाइल कुणी बोलणारा नसताना, मेलवर वाचली जाणार असेल, तर या स्लाइड अपुऱ्या पडतात. अशा वेळी नोट्ससह छापता येणारी पीडीएफ आम्ही वेगळी करून देतो. ती हवी असेल तर काम देतानाच सांगा.