2^n नक्की कुठून n² च्या पुढे जातो?

2 चे घात वर्गांना मागे टाकतात हे बहुतेकांना माहीत असतं, 10 ला बघा ना, एकीकडे 1024 आणि दुसरीकडे जेमतेम 100. पण सुरुवातीला जरा गडबड आहे. 1 ला 2 विरुद्ध 1, म्हणजे 2^n पुढे. 2 ला दोघंही 4. 3 ला चक्क वर्ग जिंकतो, 8 विरुद्ध 9. 4 ला परत बरोबरी, 16-16. आणि 5 ला 32 विरुद्ध 25, तिथून पुढे 2^n मागे वळून बघत नाही.

हे "तिथून पुढे कायम" सिद्ध करायला इंडक्शन लागतं, कारण एकेक आकडा तपासत बसलो तर जन्म पुरणार नाही. इंडक्शनमध्ये दोनच गोष्टी करायच्या: पहिली पायरी, म्हणजे सुरुवातीच्या आकड्याला दावा तपासायचा, आणि स्टेप, म्हणजे एका आकड्याला तो खरा धरला तर पुढच्यालाही खरा ठरतो हे दाखवायचं. समजा कुठल्यातरी k ला 2^k > k² आहे. पुढच्या आकड्याला डावी बाजू बरोब्बर दुप्पट होते, म्हणजे ती 2k² पेक्षा मोठी असणार हे नक्की. आता 2k² हे (k+1)² पेक्षा कमी पडत नाही एवढं दाखवलं की झालं. वजाबाकी केली की k² − 2k − 1 उरतं, म्हणजेच (k−1)² − 2, आणि k 3 किंवा जास्त असला की हे शून्याच्या वरच. साध्या भाषेत, 2 वरून 3 वर जाताना वर्ग 4 चा 9 होतो, दुपटीपेक्षा जास्त, म्हणून तिथे तो पुढे निसटतो, पण 3 नंतर त्याला एका पावलात दुप्पट होणं कधीच जमत नाही.

गंमत बघा, स्टेप 3 पासून चालते पण दावा 5 पासून खरा आहे. 3 आणि 4 ला गृहीतकच खोटं आहे, त्यामुळे स्टेप बरोबर असूनही तिचा तिथे काही उपयोग नाही. आणि 1 ला दावा खरा आहे पण तिथून 2 वर जाणारी स्टेपच तुटते. दोन्ही एकत्र जुळतात ते 5 ला.

पहिली पायरी तपासायचा पोरांना कंटाळा येतो, "ते काय, सोपंच असतं" म्हणून सोडून देतात. मग हा दावा घ्या: 8^n + 1 ला 7 ने निःशेष भाग जातो. स्टेप करून बघा, 8^(k+1) + 1 = 8(8^k + 1) − 7. कंसाला 7 ने भाग जात असेल तर सगळ्यालाच जाणार, स्टेपमध्ये कुठेही खोट नाही. पण पहिली पायरी शोधायला गेलं तर n = 1 ला 9 येतात, मग 65, मग 513, आणि 7 ने भागलं की दरवेळी बाकी 2. कितीही पुढे गेलात तरी 2 च, कारण 8 ला 7 ने भागून बाकी 1 उरते आणि 1 चा कुठलाही घात 1 च असतो, त्यात +1. खरा दावा 8^n − 1 चा आहे, तिथे n = 1 ला सरळ 7 च मिळतात.