हप्ता महिन्याच्या सुरुवातीला की अखेरीस? एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं

दरमहा १,००० रुपये भरायचे, महिन्याला १ टक्का चक्रवाढ व्याज, मुदत १२ महिने. शेवटी हातात किती येतील? कुणी १२,६८२.५० रुपये सांगेल, कुणी १२,८०९.३३. दोघांचंही गणित बरोबर आहे, कारण हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला की अखेरीस, हे प्रश्नात सांगितलेलंच नाही. सूत्र पाठ केलेल्या माणसाला हा फरक बहुधा दिसत नाही. श्रेढी स्वतः मांडली की तो लगेच दिसतो.

आधी अखेरीस भरणाऱ्याचं पाहू. बाराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरलेल्या हप्त्यावर व्याज शून्य, त्यामुळे तो १,००० रुपयेच राहतो. अकराव्या महिन्याचा हप्ता एक महिना वाढतो, दहाव्याचा दोन महिने. असं मागे मागे जात पहिल्या हप्त्यापर्यंत पोचलं, की त्याला ११ महिन्यांचं व्याज मिळालेलं असतं. एका रुपयाच्या हप्त्यापुरती बेरीज अशी:

```
S = 1 + 1.01 + 1.01^2 + ... + 1.01^11
```

ही भूमिती श्रेढी आहे. पहिलं पद १, गुणोत्तर १.०१, पदं १२. बारा पदं एकेक करून मिळवत बसायची गरज नाही. सगळ्या बेरजेला १.०१ ने गुणा, म्हणजे प्रत्येक पद एक घर पुढे सरकतं. आता नव्या बेरजेतून जुनी वजा करा. मधली अकरा पदं दोन्हीकडे सारखीच, ती उडून जातात आणि फक्त दोन टोकं उरतात:

```
1.01 S - S = 1.01^12 - 1
S = (1.01^12 - 1) / 0.01 = 12.6825
```

हजाराने गुणलं की १२,६८२.५० रुपये. छेदात ०.०१ येतो तो गुणोत्तरातून १ वजा झाल्यामुळे, म्हणजेच तो मासिक व्याजदर असतो.

आता सुरुवातीला भरणारा. त्याचा प्रत्येक हप्ता एक महिना जास्त वाढतो, अगदी शेवटचासुद्धा. त्यामुळे श्रेढी १.०१ पासून सुरू होते आणि १.०१ च्या बाराव्या घातापर्यंत जाते. पदं मात्र बाराच. आधीची संपूर्ण बेरीज १.०१ ने गुणली की झालं: १२,८०९.३३ रुपये.

चूक नेमकी इथे होते. एक महिना जास्त म्हणून काही जण सूत्रातला घात १२ चा १३ करतात. उत्तर येतं १३,८०९.३३, म्हणजे बरोबर १,००० रुपये जास्त. तेरा घेतल्यावर श्रेढीत ‘१’ हे पद पुन्हा घुसतं, म्हणजे कधीच न भरलेला एक हप्ता हिशेबात येतो. ही चूक पकडायला मुदत एकच महिना धरून पाहावी. अखेरीस भरणाऱ्याला १,००० मिळायला हवेत आणि सुरुवातीला भरणाऱ्याला १,०१०. चुकीचं सूत्र २,०१० देतं.

दोन्ही श्रेढ्या एकाखाली एक लिहिल्या, तर मला या विषयातली सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट दिसते. अकरा पदं दोन्हीकडे तीच आहेत. अखेरीस भरणाऱ्याच्या श्रेढीत जिथे १ आहे, तिथे सुरुवातीला भरणाऱ्याच्या श्रेढीत १.०१ चा बारावा घात आहे, एवढाच फरक. म्हणून दोन उत्तरांतलं अंतर एकाच हप्त्यावरच्या बारा महिन्यांच्या व्याजाएवढं, १२६.८३ रुपये. हाच हिशेब २० वर्षांसाठी केला, तर रकमा सुमारे ९,८९,२५५ आणि ९,९९,१४८ येतात. अंतर ९,८९३ रुपयांचं होतं, पण प्रमाण तेच राहतं: दुसरी रक्कम पहिलीपेक्षा १ टक्क्याने जास्त.

एक्सेलच्या FV सूत्रात हप्त्याची वेळ ठरवणारा आकडा सगळ्यात शेवटी येतो. तो लिहिला नाही, तर एक्सेल हप्ता महिनाअखेरीस धरतं:

```
=FV(1%,12,-1000)
=FV(1%,12,-1000,0,1)
```

पहिली ओळ १२,६८२.५० देते, दुसरी १२,८०९.३३.

बँकेच्या आवर्ती ठेवीशी हे ताडून पाहताना मात्र गुणोत्तर बदलावं लागतं, कारण तिथे व्याजाची चक्रवाढ सहसा तिमाही असते. वार्षिक १२ टक्के धरले तर तिमाहीला ३ टक्के होतात, आणि महिन्याचं गुणोत्तर १.०१ न राहता १.०३ चं घनमूळ, म्हणजे सुमारे १.००९९ होतं. श्रेढी आणि वजाबाकीची युक्ती तीच. महिन्याच्या सुरुवातीला भरलेल्या बारा हप्त्यांचे मग सुमारे १२,८०१ रुपये होतात. म्हणजे चक्रवाढीची पद्धत बदलल्याने या उदाहरणात आठेक रुपयांचा फरक पडला, तर हप्त्याची वेळ बदलल्याने जवळपास १२७ रुपयांचा.