नोकरी का सोडताय? उत्तरातले शब्द कुणाला चिकटतात

मुलाखतीआधी एचआरकडून मेल येतो: ‘सध्याची नोकरी का सोडताय?’ एकाने लिहिलेला कच्चा मसुदा असा होता: ‘इथलं व्यवस्थापन गोंधळलेलं आहे, कामं रखडतात, कुणी जबाबदारी घेत नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण वाचणाऱ्याने ती कंपनी पाहिलेली नाही. त्याच्यासमोर नाव आहे ते फक्त लिहिणाऱ्याचं.

1998 मध्ये जॉन स्कोव्रॉन्स्की, डॉनल कार्लस्टन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. दुसऱ्याच्या स्वभावाबद्दल बोलणाऱ्यालाच ऐकणारे नकळत तो स्वभाव चिकटवतात, असं त्यांना आढळलं. ऐकताना ‘गोंधळ’ ही कल्पना मनात जागी होते, समोर दिसणाऱ्या चेहऱ्याशी जोडली जाते आणि पुढे आठवतो तो जोडच. हा परिणाम तसा लहान असतो. पण अनोळखी उमेदवाराबद्दल वाचणाऱ्याकडे दुसरी माहितीच फारशी नसते, म्हणून तो इथे लक्षात ठेवायचा.

तेव्हा वाक्यात स्वभाव सांगणारे शब्द कमी आणि काम सांगणारे जास्त हवेत. ‘माझी कंपनीबद्दल तक्रार नाही’ हेही मी लिहिणार नाही, कारण ‘तक्रार’ हा शब्द त्यातही आहेच. त्या मसुद्याचं दुसरं रूप असं झालं: ‘गेली 4 वर्षं मी गोदामाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळतो आहे. यात देखभालीचंच काम असतं. आता नवी प्रणाली पायापासून उभारायची आहे आणि तुमच्या जाहिरातीत ते काम दिसलं.’

कारण खरं असलं पाहिजे, कारण पुढच्या फेरीत त्यावरच प्रश्न येतात. विभाग बंद होत असेल किंवा पगार थकला असेल तर तेही लिहावं, पण तारखेसह एका वाक्यात आणि विशेषणाशिवाय: ‘मार्चपासूनचा पगार झालेला नाही.’

आता सुधारलेल्या मसुद्यातला ‘देखभालीचंच’ पाहा. रुसवा त्या ‘च’मध्ये बसला आहे आणि लिहिणाऱ्याला तो ऐकू येत नाही. 2005 मध्ये जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या प्रयोगात लोकांना वाटत होतं की आपली ईमेल गंभीर आहे की उपरोधिक, हे वाचणारा सुमारे 78 टक्के वेळा ओळखेल. प्रत्यक्षात ते 56 टक्के वेळाच जमलं, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडंच जास्त. आपण लिहितो तेव्हा आपलाच आवाज मनात वाजत असतो. वाचणाऱ्याला तो मिळत नाही.

याच अभ्यासात एक उपायही सापडला. मजकूर मुद्दाम उलट्या सुरात मोठ्याने वाचला, तर हा फाजील विश्वास कमी होतो. ‘इथे खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य एकदा कुत्सितपणे वाचून बघा. टोमणा सहज निघतो. ‘इथे मी डेटाबेसची रचना शिकलो’ हे तसंच वाचलं तरी टोमणा निघत नाही. मसुद्यातला ‘च’ गेला आणि वाक्य झालं: ‘यात मुख्यतः देखभालीचं काम असतं.’